अध्यक्षांनी केलेल्या काही खर्चांतील अनियमिततेबाबत व्यवस्थापक समितीस पत्र

दिनांक : १४ जुलै २०२५
जुळे सोलापूर

प्रति,
मा. सचिव व सर्व सदस्य,
व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, जुळे सोलापूर

विषय : जानेवारी ते मे २०२५ या काळातील गच्ची दुरुस्ती, पाण्याचे टँकर, बोअरची मोटर व इतर खर्चांतील तफावत आणि त्यासाठी समितीची विशेष सभा बोलावण्याची विनंती.

महोदय,

सन २०२४-२५ चे हिशेब लेखापरीक्षकांकडे देण्यासाठी गेल्या महिन्यात मी रोजकीर्द, व्हाउचर आणि बँकेचा खातेउतारा एकमेकांशी ताडून पाहिले. पुण्याहून परत आल्यामुळे चालू वर्षातील एप्रिल-मेचे व्यवहारही त्याच वेळी तपासले. त्यात मा. अध्यक्षांच्या सूचनेवरून झालेले काही खर्च मला समाधानकारकपणे लावता आले नाहीत. याबाबत २२ जून रोजी मी त्यांच्या घरी जाऊन तोंडी विचारणा केली होती. त्यांनी कागद दाखवण्याचे आश्वासन दिले, परंतु तीन आठवडे उलटूनही कागद मिळाले नाहीत, म्हणून हे पत्र लेखी देत आहे. या पत्रात मी कोणावरही अपहाराचा आरोप केलेला नाही. मात्र खजिनदार म्हणून ज्या रकमांना आधार सापडत नाही, त्या समितीपुढे न ठेवता ताळेबंदावर सही करणे मला शक्य नाही.

पहिला आणि सर्वांत मोठा विषय अ इमारतीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा आहे. १२ जानेवारीच्या समिती सभेत गळतीची चर्चा होऊन तीन दरपत्रके मागवावीत एवढाच ठराव झाला होता. इतिवृत्तात त्यापुढे काही नाही. प्रत्यक्षात एकही दरपत्रक फाइलला लागलेले नसताना एकाच कंत्राटदाराला ११ फेब्रुवारी, २१ फेब्रुवारी आणि ४ मार्च अशा तीन तारखांना अनुक्रमे ४९,५००, ४८,८२५ आणि ४९,१८५ रुपये, म्हणजे एकूण १,४७,५१० रुपये देण्यात आले. बिलांवर 'पूर्व बाजू', 'पश्चिम बाजू' आणि 'टाकीभोवती' असे लिहिले असले, तरी गच्ची एक, काम एक आणि कामगारही तेच होते. आपली सभासदसंख्या ४८ आहे आणि उपविधींप्रमाणे २६ ते ५० सभासदांच्या संस्थेत समितीला दुरुस्तीवर स्वतःच्या अधिकारात ५०,००० रुपयांपर्यंतच खर्च करता येतो. त्यापुढील खर्चास सर्वसाधारण सभेची पूर्वमंजुरी लागते. तिन्ही बिले या मर्यादेच्या जेमतेम आत बसावीत, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

बिलांत दर चौरस फुटाला ४५ रुपये दर लावून ३,२७८ चौरस फूट क्षेत्र दाखवले आहे. ६ जुलै रोजी सकाळी मी स्वतः टेप घेऊन गच्चीवर गेलो आणि ब इमारतीतील दोन सभासदांना सोबत घेऊन कठड्याच्या आतील माप घेतले. ते ६२ बाय ४१ फूट, म्हणजे २,५४२ चौरस फूट भरले. कठड्याच्या कडेने एक फूट उंचीपर्यंत लेप चढवलेला आहे, हे मान्य करून त्याचे २०६ चौरस फूट धरले, तरी बेरीज २,७४८ होते. लिफ्टची खोली यातून मी वजादेखील केलेली नाही. म्हणजे किमान ५३० चौरस फुटांचे, अर्थात २३,८५० रुपयांचे काम बिलात आहे आणि गच्चीवर नाही. टाकीच्या मागच्या बाजूला जुना डांबरी थर बोटाने खरवडला तरी निघतो, नव्या लेपाचा तेथे मागमूस नाही. जूनच्या पहिल्याच पावसात अ-६०१ च्या शयनगृहाच्या छताला पुन्हा ओल आली, हे तेथील सभासदांनी तक्रारवहीत नोंदवलेच आहे.

हे कंत्राटदार मा. अध्यक्षांचे नातेवाईक असल्याचे स्वतः अध्यक्षांनीच मला २२ जूनच्या भेटीत सांगितले आणि 'घरचा माणूस म्हणून स्वस्तात केले' असे त्यांचे म्हणणे होते. स्वस्त की महाग हे दरपत्रके असती तर कळले असते. समिती सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेल्या व्यवहारात त्या सदस्याने ती बाब आधी समितीला सांगणे आवश्यक होते. तशी नोंद कोणत्याही इतिवृत्तात नाही.

येथे माझी स्वतःची चूकही नोंदवणे भाग आहे. संस्थेचे खाते सचिव आणि अध्यक्ष किंवा खजिनदार अशा दोन सह्यांनी चालते. २१ फेब्रुवारीच्या धनादेशावर मा. सचिवांसोबत माझी सही आहे. 'राहिलेले अर्धे काम आहे, सही करा' या सांगण्यावर मी पहिले बिल न पाहता सही केली. ती करायला नको होती. समितीने माझ्याकडेही त्याबद्दल खुलासा मागावा, मी तो लेखी देईन.

दुसरा विषय टँकरचा. मुलीच्या बाळंतपणासाठी मी १५ एप्रिल ते २ जून पुण्यात होतो, त्यामुळे या काळातील धनादेश अध्यक्ष व सचिवांच्या सहीने गेले. सोलापूरचा उन्हाळा आणि आपल्याकडे नळाला काही दिवसांआड येणारे पाणी यांची कल्पना सर्वांना आहे, त्यामुळे टँकर मागवण्याबद्दल माझा आक्षेप मुळीच नाही. उलट भर उन्हात सभासदांना पाणी मिळाले, याचे श्रेय अध्यक्षांनाच आहे. आक्षेप संख्येबद्दल आहे. १४ एप्रिल ते ३१ मे या काळात १०,००० लिटरच्या ६२ टँकरचे, प्रत्येकी १,२०० रुपये दराने, ७४,४०० रुपयांचे बिल दोन धनादेशांनी दिले गेले. वॉचमनच्या वहीत मात्र ४१ टँकर आहेत. ही वही सैलपणे लिहिलेली नाही. प्रत्येक नोंदीसमोर गाडीचा नंबर, आत आल्याची वेळ आणि त्या वेळी हजर असलेल्या एका सभासदाची सही आहे. फरक २१ टँकरचा, म्हणजे २५,२०० रुपयांचा आहे.

रात्री उशिरा आलेल्या गाड्यांची नोंद राहून गेली असावी, असे अध्यक्षांचे म्हणणे आहे. दोन-चार गाड्यांबाबत मी ते मान्यही करेन. पण ६ मे या एका दिवसाचे उदाहरण समितीने पाहावे. त्या दिवशी बिलात पाच टँकर, म्हणजे ५०,००० लिटर पाणी आहे. आपली जमिनीखालची टाकी २५,००० लिटरची आहे. त्याच पानावर वॉचमनने 'पहाटे ४.१० ते ७ नळाचे पाणी, टाकी भरली' असे लिहिलेले आहे आणि दिवसभरात एकाही टँकरची नोंद नाही. भरलेल्या टाकीत पाच टँकर कोठे रिकामे केले, हे पुरवठादाराच्या चलनांवरून स्पष्ट व्हायला हवे. बिलाला एकही चलन जोडलेले नाही.

तिसरी बाब १९ मार्च रोजी बोअरच्या मोटरसाठी रोख काढलेल्या ३५,००० रुपयांची. हातात ठेवण्याच्या रोख रकमेची मर्यादा समितीने ५,००० रुपये ठरवलेली असताना ही रक्कम 'उचल' म्हणून अध्यक्षांच्या नावे पडून आहे. मे महिन्यात फाइलमध्ये एक साधा कागद आला, त्यावर हाताने 'मोटर दुरुस्ती, ३५,०००' एवढेच लिहिले आहे. दुकानाचे नाव नाही, तारीख नाही, कोणाची सही नाही. याच मोटरचे रिवाइंडिंग २०२३ मध्ये ८,४०० रुपयांत झाले होते, ते व्हाउचर आपल्याच दप्तरात आहे. यंदा नवी मोटर बसवली असेल तर तिचे बिल आणि हमीपत्र असायला हवे, आणि जुनी मोटर भंगारात दिली असेल तर तिची रक्कम संस्थेच्या खात्यात जमा व्हायला हवी. यांपैकी काहीच दिसत नाही.

२६ जानेवारीच्या सत्कारासाठी घेतलेल्या १२ चादरींचे ७,८०० रुपये ही त्यामानाने लहान बाब आहे. सोलापुरात पाहुण्याला चादर देणे ही रीतच आहे, त्यामुळे त्यावर मी लांबण लावत नाही. त्या दिवशी सत्कार पाच जणांचा झाला, उरलेल्या सात चादरी कोणाला दिल्या याची यादी मिळाली म्हणजे पुरे.

गच्चीचे जादा माप, टँकरचा फरक, मोटरची उचल आणि चादरी मिळून ९१,८५० रुपये होतात. दरमहा १,८०० रुपयांप्रमाणे सर्व ४८ सदनिकांची एका महिन्याची वर्गणी ८६,४०० रुपये होते. मागच्या वर्षी वर्गणी २०० रुपयांनी वाढवताना आपणच सभासदांना 'पैशाला पैसा लागतोय' असे सांगितले होते. अ इमारतीतील निवृत्त सभासदांनी ती वाढ कुरकुर न करता भरली.

माझी समितीस विनंती आहे की, हे पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांच्या आत विशेष सभा बोलवावी, या विषयापुरते सभेचे अध्यक्षस्थान दुसऱ्या सदस्याने घ्यावे आणि मा. अध्यक्षांना आपले म्हणणे लेखी मांडण्याची पूर्ण संधी द्यावी. सभेपूर्वी टँकर पुरवठादाराकडून तारीखवार चलने आणि मोटरच्या दुकानाचे मूळ बिल मागवावे. गच्चीचे माप माझ्या मापावर विसंबून न राहता समितीच्या दोन सदस्यांनी कंत्राटदारासमक्ष पुन्हा घ्यावे. तोपर्यंत १०,००० रुपयांवरील कोणताही धनादेश समितीच्या ठरावाशिवाय काढू नये, तसेच उचलीच्या ३५,००० रुपयांचे बिल सभेपर्यंत न आल्यास ती रक्कम अध्यक्षांनी संस्थेच्या खात्यात भरावी, असा ठराव करावा. वॉचमनची वही सध्या मा. सचिवांच्या ताब्यात आहे, ती कुलूपबंद राहावी. तिच्या सर्व पानांची छायाचित्रे मी काढून ठेवली आहेत.

समितीच्या निर्णयांची जबाबदारी कायद्याने आपणा सर्वांवर संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या येते, त्यामुळे हा प्रश्न अध्यक्ष आणि खजिनदार या दोघांतला नाही. ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावयाची आहे. समितीने तत्पूर्वी निर्णय न घेतल्यास मला हे पत्र लेखापरीक्षकांना द्यावे लागेल आणि सभेपुढे ठेवावे लागेल. निबंधक कार्यालयाकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८३ खाली चौकशीची मागणी करण्याची वेळ येऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण तसे झाल्यास आपले सारे दप्तर कित्येक महिने तिकडेच राहील आणि लिफ्टच्या दुरुस्तीसारखी कामेही अडतील.

हे पत्र पुढील सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे आणि त्याची पोच द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
खजिनदार
(सदनिका ब-३०४)

प्रत माहितीसाठी : मा. अध्यक्ष

सोबत : गच्चीच्या कामाच्या तीन बिलांच्या प्रती, ६ जुलैच्या मापाचा तिघांच्या सह्यांचा कागद, वॉचमनच्या वहीतील १४ एप्रिल ते ३१ मेच्या पानांची छायाचित्रे, टँकरचे बिल, 'मोटर दुरुस्ती' लिहिलेल्या कागदाची प्रत, २०२३ चे रिवाइंडिंगचे व्हाउचर आणि बँकेचा खातेउतारा.