विषय: २०२६-२७ च्या प्रवेशांसाठी नियोजित पोस्ट व त्यांवरील देखरेख यांबाबत प्रस्ताव

मा. मुख्याध्यापिका महोदया,
सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात राहून शाळा व लहान संस्थांसाठी मजकूर लिहिण्याचे आणि त्यांची समाजमाध्यमे सांभाळण्याचे काम स्वतंत्रपणे करते. आपल्या शाळेचे फेसबुक पान पाहताना असे दिसले की, गेल्या वर्षीचे ‘प्रवेश सुरू’ हे भित्तिपत्रक अजूनही सर्वांत वर आहे आणि “सेमी इंग्रजी कितवीपासून?” या एका पालकाच्या प्रश्नाखाली उत्तर नाही. प्रवेशाच्या दिवसांत कार्यालयावर किती भार असतो हे मी जाणते, म्हणून ही तक्रार समजू नये.

जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांसाठी आठवड्याला तीन पोस्ट मी आधी लिहून एका सामाईक तक्त्यात ठेवीन. आपण किंवा आपण नेमलेल्या शिक्षिकांनी ज्या ओळीपुढे ‘मंजूर’ लिहिले असेल, तीच पोस्ट ठरल्या दिवशी सायंकाळी सात वाजता फेसबुक व इन्स्टाग्रामवर आपोआप जाईल. रकाना रिकामा असेल तर काहीही जाणार नाही. शाळेत एखादी दुःखद घटना घडली आणि त्याच संध्याकाळी हसऱ्या मुलांचे भित्तिपत्रक झळकले, असे होऊ नये म्हणून तक्त्याच्या पहिल्या चौकटीत ‘थांबा’ लिहिताच पुढील सर्व पोस्ट रोखल्या जातील.

काही गोष्टी मात्र मी यंत्रावर सोडणार नाही. शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के जागांच्या वेळापत्रकाला वारंवार मुदतवाढ मिळते, त्यामुळे ती सूचना अधिकृत परिपत्रक हाती आल्यावरच लिहिली जाईल. पहिलीसाठी ३१ डिसेंबर २०२६ रोजी सहा वर्षे पूर्ण, ही वयाची अट आणि शुल्काचे आकडे दर वेळी कार्यालयाकडून तपासून घेईन. पालकांच्या प्रश्नांना मी स्वतः त्याच दिवशी उत्तर देईन, आणि जे मला ठाऊक नसेल ते आपल्या लिपिकांना विचारूनच लिहीन. व्हॉट्सॲप गटांसाठी मजकूर तयार करून देईन. तो पाठवणे शाळेच्याच हाती राहावे, असे माझे मत आहे. मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय वापरली जाणार नाहीत. पानांची मालकी शाळेकडेच राहील.

गुढीपाडवा १९ मार्चला आहे. त्या दिवशी नाव घालणारी कुटुंबे आपल्याकडे अजूनही पुष्कळ आहेत, म्हणून त्याआधीच्या दोन आठवड्यांत बालवर्गाची खोली, मधली सुट्टी, पहिलीच्या बाईंचे दोन शब्द अशा साध्या पोस्ट अधिक ठेवाव्यात, असे सुचवते.

मानधन दरमहा ६,५०० रुपये असून पहिले दोन आठवडे विनामूल्य असतील. त्यानंतर आपणांस काम पसंत न पडल्यास तेथेच थांबता येईल. सहा नमुना पोस्ट सोबत जोडल्या आहेत. येत्या शनिवारी शाळा सुटल्यानंतर वीस मिनिटे वेळ मिळाल्यास तक्ता प्रत्यक्ष दाखवीन.

आपली विश्वासू,
मेघना जोगळेकर
सातारा