सकाळची जोर–वाई

जोर हे कृष्णेच्या खोऱ्यातले अगदी टोकाचे गाव. रात्रीची शेवटची गाडी वाईहून तेथे येते, देवळासमोर मुक्काम करते आणि सकाळी सहा वाजता परत वाईला निघते. मुक्कामाची ही ड्युटी आगारात सहसा कोणी मागून घेत नाही. रात्र घराबाहेर काढावी लागते, पावसाळ्यात बाकांवर अंथरलेली चादर पहाटेपर्यंत दमट होते आणि घाटमाथ्यावरून उतरणारे धुके खिडकीच्या फटीतून आत शिरते. विठ्ठल शेलार मात्र गेली चार वर्षे ही ड्युटी अर्ज करून घेत होते. आगारातल्या लोकांना त्याचे नवल वाटे, आणि शेलारांनीही त्याचे कारण कधी कोणाला सांगितले नव्हते.

सहाला पाच मिनिटे कमी असताना ते गाडीच्या दाराशी, खाली जमिनीवर उभे राहत. तिकिटाची मशीन गळ्यात, पैशांची चामडी पिशवी खांद्याला, आणि खाकी सदऱ्याचे वरचे बटणसुद्धा लावलेले. प्रवासी पायरीवर पाय ठेवण्याआधी त्यांच्या तोंडाकडे पाहून ते नमस्कार करीत, आणि हा नमस्कार प्रत्येकासाठी वेगळा असे.

"अक्का, राम राम. पाटी द्या इकडं, मी वर घेतो."

"या पाटील. काल रात्रपाळी होती ना? मागच्या बाकावर पडा निवांत, वाईत उठवतो."

"काय गं, ताप उतरला का पोराचा?"

ज्या बाईला हा शेवटचा प्रश्न विचारला जाई, ती वाईच्या एका दवाखान्यात झाडलोट करायची. पोराला ताप आल्याचे तिने चार दिवसांपूर्वी सुट्टे पैसे मोजताना सहज सांगितले होते. शेलारांनी ते लक्षात ठेवले होते, आणि ताप उतरल्याचे तिच्या तोंडून ऐकेपर्यंत ते रोज विचारणार होते.

पुढच्या वाडीला आबा चढत. त्यांना अठ्ठ्याहत्तरावे वर्ष लागले होते. त्यांची लेक वाईच्या मंडईत भाजी विकत असे, आणि आबा दिवसभर तिच्या शेजारी पोत्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधून देत. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, तरी मशीनमधून शून्य रुपयांचे तिकीट काढून द्यावेच लागते. आबा ते तिकीट दोन्ही हातांनी घेत, चार घड्या घालत आणि टोपीच्या दुमडीत ठेवत.

"आबा, राम राम. गुडघा काय म्हणतोय?"

"म्हणतोय, तुझ्या गाडीची पायरी लय उंच हाय."

हा संवाद रोज, अगदी याच शब्दांत होई. मग शेलार आबांच्या काखेत हात घालून त्यांना वर घेत, चालकाच्या मागच्या बाकावर बसवत आणि दोरी दोनदा ओढत. आबा नीट टेकून बसल्याशिवाय ती दुसरी घंटी वाजत नसे, हे चालक जाधवांना ठाऊक होते. तेही घाई करीत नसत.

जुलैच्या अखेरीस या गाडीला एक नवी मुलगी येऊ लागली. तिचे नाव प्राजक्ता. अकरावीला वाईच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. तिच्या वाडीतून दहावीनंतर पुढे शिकायला निघालेली त्या वर्षीची ती एकटीच. पहिल्या दिवशी वडील तिला थांब्यापर्यंत सोडायला आले आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत छत्री मिटून पावसातच उभे राहिले. मुलींचा मोफत पास तिने प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवला होता. शेलारांनी "ये बाळ, राम राम" म्हटल्यावर तिने मान खाली घातली, पास पुढे धरला आणि ती सरळ मागच्या खिडकीशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशीही तसेच झाले, आणि तिसऱ्या दिवशीही. दोन आठवडे उलटले तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. एकदा जाधव म्हणाले, "पोरगी बोलत नाही तर राहू द्या की. लाजते ती."

"लाजू दे. तिनं बोलायचं नाही, मी बोलायचं, असं ठरलंय आमचं," शेलार म्हणाले.

तिकीट घेणाऱ्या प्रवाशाची नोंद मशीनमध्ये होते. तो कोठे चढला, कोठे उतरणार आणि किती पैसे दिले, हे सारे कागदावर उतरते. पासवाल्याची तशी नोंद होत नाही. तो नुसता पास दाखवतो आणि बसतो. गाडीत तो होता की नव्हता, हे सांगणारे कंडक्टरच्या डोळ्यांवाचून दुसरे काही नसते. शेलारांना हे फार वर्षांपूर्वी आणि फार वाईट रीतीने कळले होते.

तेव्हा ते नोकरीत नवे होते, दुसऱ्या जिल्ह्यात होते आणि हातात मशीनऐवजी तिकिटांचा ट्रे आणि पंच असे. बाजाराच्या दिवशी खच्चून भरलेल्या गाडीत त्यांनी माना वर न करता तिकिटे फाडली. हात पुढे येत होते, नोटा येत होत्या, ते टप्पा विचारत होते आणि पंच करत होते. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली तेव्हा एक म्हातारा खिडकीला डोके टेकून तसाच बसलेला दिसला. त्यांनी खांद्याला हात लावला तेव्हा अंग गार पडू लागले होते. पोलिसांनी विचारले, "कुठं चढला? बरोबर कोणी होतं? चढताना काही म्हणाला?" म्हाताऱ्याच्या मुठीत तिकीट होते. त्यावरून टप्पा कळला, माणूस कळला नाही. शेलारांनी स्वतःच्या हाताने त्याला ते तिकीट दिले होते, आणि तरी तो चेहरा त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो असा. दोन दिवसांनी घरचे शोधत आले. त्यांतल्या म्हातारीने शेलारांना एवढेच विचारले की, शेवटी ते काही बोलले का. ती उत्तराची वाट पाहत कितीतरी वेळ उभी होती. शेलारांजवळ द्यायला काहीच नव्हते.

त्यानंतर ज्या गाडीवर ते चढले, त्या गाडीतल्या प्रत्येकाचा चेहरा त्यांनी पाहिला. गर्दीच्या मार्गांवर ते जमत नसे, जीव गुदमरे. जोरच्या गाडीला माणसे मोजकी, रोजची, आणि सकाळी जी खाली जातात तीच संध्याकाळी वर येतात. म्हणून ते अर्ज करून येथे आले होते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने चार दिवस डोके वर काढू दिले नाही. धोमच्या धरणाचे पाणी रस्त्यालगतच्या शेतांपर्यंत चढले होते, आणि बलकवडीच्या पुढे दरडीची माती दोनदा रस्त्यावर आली होती. त्या संध्याकाळी वाईच्या स्थानकावर सव्वासहाची गाडी फलाटाला लागली तेव्हा दिवे लागले होते. सकाळप्रमाणेच शेलार दाराशी उभे राहिले. अक्का आल्या, रिकामी पाटी वर गेली. दवाखान्यातली बाई आली. तिच्या पोराचा ताप आता पूर्ण उतरला होता. आबांना त्यांची लेक हाताला धरून घेऊन आली. सव्वासहा झाले. शेलार गाडीत चढले, एकेका बाकावरून नजर फिरवली आणि पुन्हा खाली उतरले.

"कोण राहिलं?" जाधवांनी विचारले.

"प्राजक्ता. सकाळी आपल्याच गाडीनं खाली आली आहे."

"मैत्रिणीकडं राहिली असेल. पाऊस बघा की केवढा आहे."

"मैत्रीण नाही तिला अजून कोणी. मागं एकटीच बसते."

वाहतूक नियंत्रक खिडकीतून बाहेर डोकावले. रस्ता खराब आहे, उशीर झाला तर अंधारात दरडीपाशी अडकाल, हे त्यांचे म्हणणे खरे होते आणि शेलारांनाही ते नाकारता येत नव्हते. गाडीतल्या वीस माणसांची घरी वाट पाहिली जात होती. शेलार पायरीवर उभे राहून आत म्हणाले, "मंडळी, एक पोरगी यायची राहिली आहे. पाच मिनिटं थांबू का?"

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. मग चालकामागच्या बाकावरून आबा म्हणाले, "ही शेवटची गाडी हाय. ती पोर जाईल कुठं? थांब."

नियंत्रकांनी घड्याळाकडे पाहिले आणि नोंदवहीत पावसामुळे उशीर असे लिहिले. गाडी नऊ मिनिटे थांबली. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला ती दिसली तेव्हा तिच्या हातातल्या छत्रीच्या दोन काड्या मोडल्या होत्या, आणि पोटाशी धरलेले दप्तर तिने ओढणीने झाकले होते. कॉलेजात कसल्याशा अर्जावर सही घ्यायला तिला थांबवून ठेवले होते. ती दाराशी आली, पण धाप लागल्यामुळे तिला पास काढता येईना. थरथरत्या हातांत पाकिटाची दोरी गुंतली होती.

"राहू दे पास. तू आमची रोजची आहेस. ये बाळ, राम राम," शेलार म्हणाले.

तिने नेहमीसारखी मान खाली घातली आणि ती आत गेली. अक्कांनी सरकून तिला आपल्याजवळ जागा केली, पाटीतले कोरडे फडके काढून तिच्या डोक्यावर टाकले. दरडीपाशी जेसीबी काम करत होता. तेथे अर्धा तास गेला. जोरला पोहोचायला रात्रीचे नऊ वाजले. वाटेत प्राजक्ताच्या थांब्यावर कंदील घेतलेले तिचे वडील रस्त्याच्या मधोमध उभे होते. जाधवांनी हेडलाइट मंद केला. शेलार तिच्या मागोमाग खाली उतरले आणि तिचा हात वडिलांच्या हातात दिसेपर्यंत त्यांनी दोरीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला होता. आबांच्या थांब्यावर गाडी थांबली, पण तेथे कोणी नव्हते. शेलार खाली उतरले, दोन्ही बाजूंना पाहिले, जाधवांना खुणेनेच थोडे थांबायला सांगितले. पुढच्या थांब्याला प्राजक्ता उभी होती, आणि गाडी पुरती थांबायच्या आतच ती पुढे आली.

"ये बाळ, राम—"

"काका, आबा आज यायचे नाहीत," ती म्हणाली. आवाज बारीक होता आणि ती घाईघाईने बोलत होती, जणू पाठ केलेले विसरायच्या आत सांगून टाकायचे होते. "त्यांचा नातू मघाशी सायकलवरून सांगत आला. गुडघा सुजलाय. कंडक्टरला सांग, नाहीतर गाडी थांबवून बसेल, असं म्हणाले. आणि मंडईत त्यांच्या लेकीला निरोप द्यायचाय. ती रोज स्टँडवर घ्यायला येते."

"बरं," शेलार म्हणाले. त्यांना आणखी काही बोलायचे होते, पण ते तसेच बाजूला झाले आणि तिला वर येऊ दिले. ती मागच्या खिडकीकडे न जाता अक्कांच्या शेजारी बसली. चालकामागचा बाक मोकळाच राहिला. शेलारांनी दोरी दोनदा ओढली, खिशातले पेन काढले आणि गाडी धरणाच्या काठाने वळू लागली तेव्हा दांडीला कोपर अडकवून डाव्या तळहातावर लिहिले : आबा, गुडघा, लेकीला सांगणे.