छेद कुठाय?

सार्वजनिक आरोग्य पदव्युत्तर प्रवेशासाठी निबंध
विषय: तुमची विचार करण्याची पद्धत बदलणारं एक पुस्तक किंवा वर्गातली एक कल्पना

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले: १२६३ आणि १४२२. १८५४ सालच्या लंडनमधले कॉलऱ्याचे मृत्यू. पहिला आकडा साऊथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीचं पाणी येणाऱ्या घरांतला. दुसरा, ती कंपनी आणि लॅम्बेथ कंपनी वगळून बाकीच्या लंडनमधला. "साथीचा जोर कुठे जास्त?" सरांनी विचारलं. मी लगेच म्हणाले, "बाकीच्या लंडनमध्ये."

"छेद कुठाय?" सर म्हणाले. त्यांनी दोन्ही आकड्यांखाली रेघ ओढली आणि घरांची संख्या लिहिली: ४०,०४६ आणि २,५६,४२३. दर दहा हजार घरांमागे पहिल्या ठिकाणी ३१५ मृत्यू, दुसऱ्या ठिकाणी ५५. लॅम्बेथच्या घरांत फक्त ३७, कारण तिने पाणी उचलायची जागा दोन वर्षांपूर्वीच थेम्स नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या सांडपाण्यापासून लांब नेली होती.

हे काम जॉन स्नो या डॉक्टरचं. दोन्ही कंपन्यांचे नळ एकाच गल्लीतून, शेजारशेजारच्या घरांत गेलेले. कुठल्या घरात कुणाचं पाणी, हे तो दारोदार जाऊन विचारत होता. भाडेकरूला ते ठाऊक नसलं, तर पाण्यातल्या मिठाच्या प्रमाणावरून तो कंपनी ओळखायचा. मृत्यूंची यादी सरकारदरबारी तयारच होती. त्याची खरी पायपीट त्या मृत्यूंमागे योग्य घर, योग्य पाणी लावण्यासाठी होती. ते वाचल्यावर शाळेत रेघेखाली मुकाट्याने मांडत आलेल्या आकड्याकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

माझी आई वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात आशा कार्यकर्ती आहे. त्या पावसाळ्यात जुलाब-उलट्यांचे ३१ रुग्ण गावठाणात निघाले आणि १४ ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. साहजिकच सगळी धावपळ गावठाणात चालली होती. सुट्टीत घरी गेल्यावर मी आईच्या कुटुंब सर्वेक्षणाच्या वहीतून घरं मोजली. गावठाणात ४१२, वस्तीवर ५८. शंभर घरांमागे गावठाणात साडेसात रुग्ण, वस्तीवर चोवीस. कागद आईपुढे ठेवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आधी वस्तीवरच्या विहिरीत पडायला हवी होती." दुसऱ्या दिवशी तिने तो कागद ग्रामपंचायतीत नेला आणि संध्याकाळपर्यंत विहिरीत टीसीएल पडली. चौदा रुग्णांवरून मी काही सिद्ध केलं नव्हतं, पण आधी कुठे जायचं हे त्या भागाकाराने सांगितलं होतं.

इथेच थांबले असते तर मी एक सूत्र शिकले, एवढंच झालं असतं. पण डिसेंबरात ऊसतोड टोळी आली आणि माझी खात्री डळमळली. मळ्याच्या कडेला पाचटाच्या कोप्या पडल्या. एका कोपीत तापाने फणफणलेलं बाळ होतं. आई त्याला बघायला निघाली, तेव्हा मीही गेले. परत येऊन नोंद करायला वही उघडली, तर त्या कोपीला घर क्रमांकच नव्हता. बाळाचा ताप रेघेवरच्या आकड्यात धरायचा, तर ते कुणाच्या छेदातलं?

मी मुकादमाला विचारलं, तुमची माणसं किती? तो म्हणाला, "२३ कोयते." नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणजे हिशेबाने ४६ माणसं. आम्ही मायलेकी संध्याकाळी, फड उरकून लोक परतल्यावर, कोपी-कोपी फिरलो. मोजली ती ७१. दोन म्हाताऱ्या आणि २३ मुलं मुकादमाच्या हिशेबात नव्हती, कारण ती ऊस तोडत नाहीत. आईच्या वहीतही नव्हती, कारण ती आमच्या गावची नाहीत. त्यांच्या गावच्या सर्वेक्षणात असतील, पण ताप तर इथे आला होता.

तोवर मला वाटायचं, छेद म्हणजे आहे ती संख्या, शोधली की सापडते. त्या संध्याकाळी कळलं की छेद कुणीतरी ठरवतं. कारखान्याला तोडणीचे हात मोजायचे असतात, गावाला घरं. ज्याला जे मोजायचं, तेवढंच रेघेखाली उतरतं. स्नोच्या छेदातही घरं होती, माणसं नव्हे. त्याच्या प्रश्नाला ते पुरेसं होतं. माझ्या प्रश्नाला पुरेसं काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे राहणारं मूल दोन्हीकडे अर्धं-अर्धं धरायचं? की राहिलेले दिवस मोजून छेद माणसांऐवजी दिवसांचा करायचा? ही दुसरी वाट मला बरोबर वाटते. तिचं गणित आणि प्रत्यक्ष गावात ती राबवायची कशी, हे शिकण्यासाठी मी या अभ्यासक्रमाला अर्ज करते आहे.

आईने त्या ७१ जणांसाठी दोनशे पानी वही घेतली आहे. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात वय. घर क्रमांकाच्या रकान्यात ती सध्या कोपी कुणाच्या मळ्यात आहे ते लिहिते.