विषय: अभ्यासिकेच्या व्हिडिओसाठी तुझी मदत हवीय दादा (बिनपैशाची)

अमोलदादा,

मी स्नेहल, मंडळाच्या रक्तदान शिबिरात भेटलो होतो बघ, तू तिथला छोटा व्हिडिओ केला होतास. तो बघूनच तुला मेल करतेय.

दिघ्यात आम्ही संध्याकाळी दहावीच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. घरं एका खोलीची, बाप नाईट शिफ्टच्या आधी झोपलेला, शेजारी टीव्ही चालू, मुलं बसणार कुठे? आत्ताची खोली मालकांना मुलाच्या लग्नासाठी हवीय, त्यांनी वेळेत सांगितलं, त्यांचं काही चुकलं नाही. नवीन खोली बघितलीय, डिपॉझिट ६०,००० आणि ११ महिन्यांचं भाडं १,३२,०००, म्हणजे १,९२,००० उभे करायचेत. दिवाळीत बोनस हातात असतो तेव्हा लोक देतात, म्हणून वसुबारसेच्या आधी व्हिडिओ फिरायला हवा.

सरळच सांगते, पैसे देता येणार नाहीत, जमेल तो रुपया खोलीलाच जाणार. काम मात्र नेमकं आहे, साधारण ७० सेकंदांचा एक उभा व्हिडिओ आणि त्यातूनच स्टेटससाठी ३० सेकंदांचा कट. फुटेज फोनवरचं, ४० मिनिटांच्या आसपास, ड्राइव्हवर नावं देऊन लावून ठेवलंय. मराठी सबटायटल मी टाइप करून देते, बदल जास्तीत जास्त दोनदा सांगू आणि तेही सगळ्यांचे मिळून एकाच मेलमध्ये. आईवडिलांची लेखी परवानगी घेतलीय. दोन मुलाखतींमध्ये पंख्याचा आवाज फार आहे, तेवढं तू ऐकून सांग, सुधारत नसेल तर परत शूट करू.

एक क्लिप मात्र प्लीज कापू नकोस. एक मुलगी पायरीवर बसून भूमितीची आकृती काढतेय, बाजूने बायका पाण्याचे हंडे घेऊन जातायत, आणि दरवेळी ती कंपास तसाच हातात धरून वही छातीशी उचलते, बाई गेली की परत मांडीवर ठेवते आणि आधीचा बिंदू शोधते. पुढे कुणी काही बोलायची गरजच नाही असं मला वाटतं. रडकं म्युझिक नको दादा, हा व्हिडिओ त्या मुलांच्या वर्गातली पोरं पण बघणार, त्यांना खाली मान घालायला लागू नये. शेवटी क्यूआरसोबत यूपीआय आयडी पण मोठ्या अक्षरात हवा, कारण लोक फोनवरच बघतात, त्याच फोनने स्क्रीनवरचा क्यूआर कसा स्कॅन करणार?

तुळशीचं लग्न झालं की तुझा सीझन सुरू होतो, माहितीये, म्हणून आत्ताच विचारतेय. जमत नसेल तर बिनधास्त नाही म्हण, फक्त रविवारपर्यंत कळव म्हणजे मला दुसरं कुणीतरी बघता येईल. जमत असेल तर ड्राइव्हची लिंक लगेच पाठवते, आणि नेट स्लो असेल तर पेनड्राइव्ह कळव्याला तुझ्याकडे आणून देते. नाव अर्थातच टाकू, तुला हवं तसं.

स्नेहल