साचे रिकामे आहेत

लालबाग, मुंबई
४ फेब्रुवारी १९८२

प्रिय महादू, स. न. वि. वि.
१८ जानेवारीपासून गिरण्यांचा संप सुरू आहे, पेपरात वाचलंच असशील. भोंगा वाजत नाही, तरी पहाटे जाग येते. डॉक्टर सामंत महिन्याभरात मिटवतील असं साचेखात्यात सगळे म्हणतात. गड्ड्याच्या जत्रेला आलो नाही, राग धरू नकोस.
तुझा गणपत

सोलापूर
२० एप्रिल १९८२

गण्या,
महिना केव्हाच उलटला. मनिऑर्डर पाठवलीय, परत करू नकोस. आपण एका पाटीवर बाराखडी गिरवली आहे, हिशेब ठेवायचा नाही.
महादू

लालबाग
२ जुलै १९८२

महादू,
पैसे परतच करणार होतो. पोस्टमन दारात उभा, सुमनने सही करायला लावली. तिने मंगळसूत्राच्या वाट्या मोडल्या, मला नंतर कळलं. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावी गेली. मी संप फोडणार नाही.
गणपत

सोलापूर
१० जुलै १९८२

संप फोड कोण म्हणतंय? इथल्या कारखान्यात चादरीचे दोन साचे रिकामे आहेत. मालकाशी बोललोय. मिटला की परत जा.
महादू

लालबाग
१९ जुलै १९८२

मी जन्मभर धोतरं विणली. चादरीची नक्षी तुला शिकवावी लागेल. सुमन 'चला' म्हणतेय.
गणपत

सोलापूर
२५ जुलै १९८२

शिकवतो. पोरांचे शाळेचे दाखले काढून आण. शाळा सुरू झाली आहे, पण हेडमास्तर घेतो म्हणालेत. कुठल्या गाडीने येताय ते कळव, स्टेशनवर येतो.
महादू