जोडीनेच

रुबिक क्यूब सोडवताना मुक्ताची गाडी पिवळ्या प्लसवर येऊन अडायची. पांढरी बाजू, पहिला थर, मधला थर, इथवर हात आपोआप चालायचे. मग क्यूब उलटा धरला की वर प्लसच्या तीनच भुजा पिवळ्या, चौथी हटून बसलेली. सूत्र चालवलं की तीनाची एक व्हायची, पुन्हा चालवलं की परत तीन. पाच आठवडे हेच.

"तुझं सूत्र चुकतंय," मैत्रीण म्हणाली. तिचा क्यूब त्याच सूत्राने सुटायचा, म्हणून ते जास्तच लागलं.

शनिवारी रात्री मुक्ताने सोडवण्याचा नाद सोडला आणि नुसती मोजत बसली. सूत्राआधी किती पिवळे, नंतर किती, सगळं वहीत. तीन, एक. एक, तीन. तीन, तीन. पान भरलं तरी एकही सम आकडा नाही. सूत्र कडेचे तुकडे जोडीनेच उलटवत होतं. दोन-दोनच्या उड्या मारत तीनावरून चारावर कोण पोचणार?

"ओम, हा कधी पडला होता का रे?"

पांघरुणातली चुळबुळ थांबली.

"ओम."

"एकच तुकडा निघाला होता, ताई. मी लगेच बसवला. एकदम घट्ट."

"उलटा बसवलास."

ओरडायला तिने तोंड उघडलंही होतं. पण वहीतलं ते पान समोर होतं आणि ओरडण्यापेक्षा खरं-खोटं करून बघण्याची घाई जास्त होती. तिने वरचा थर अर्धवट फिरवला, कडेच्या तुकड्याखाली अंगठा घातला. टक्. तुकडा बाहेर. उलटवून दाबला. चार भुजा.

पुढचं तासाभराचं काम. मध्ये एकदा चुकली, पहिल्यापासून आली. शेवटची चाल झाल्यावर तिने सहाही बाजू फिरवून फिरवून पाहिल्या.

"मला शिकव," ओम केव्हाच उठून बसला होता.

"आत्ता?"

"माझ्यामुळेच तर तुला ते जोडीचं कळलं."

यावर काय बोलणार? तिने क्यूब त्याच्या हातात दिला. नुकताच सुटलेला, तसाच.

"सहा बाजूंचे हे मधले तुकडे बघ. ते आपली जागा सोडत नाहीत. पांढऱ्याच्या समोर पिवळाच. आता चार चाली. उजवी वर, माथा डावीकडे, उजवी खाली, माथा उजवीकडे. असं सहा वेळा केलंस की होता तसा परत येतो."

दुसऱ्या फेरीतच रंगांचा पार विचका झाला.

"बिघडला गं!"

"मोज."

ओठांत जीभ धरून तो फिरवत राहिला. मग थबकला. "ही चौथी झाली की पाचवी?"

चौथी झाली होती. मुक्ता दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती.

"तूच सांग."

त्याने क्यूब डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला.

"उजवी वर," तो पुटपुटला.