बेदाणा खरेदी-विक्री करारनामा – परिशिष्ट 'ब' : मालपोच, जोखीम, तपासणी व माल नाकारणे

हे परिशिष्ट विक्रेता (तासगाव, जि. सांगली) आणि खरेदीदार (मिठाई व बेकरी उत्पादक, भोसरी, पुणे) यांच्यात दि. २० मे २०२६ रोजी झालेल्या करारनाम्याचा भाग आहे. माल : हिरवा लांबट बेदाणा, ६०० बॉक्स, प्रत्येकी निव्वळ १५ किलो. दर : किलोला रु. २६०, भोसरी पोच, जीएसटी वेगळा. करारावेळी दोघांच्या सह्यांनी सीलबंद केलेला एक किलोचा नमुना दोन्ही पक्षांकडे आहे. त्याला पुढे 'मूळ नमुना' म्हटले आहे.

१. मालपोच

१.१ माल २०० बॉक्सच्या तीन खेपांत, दि. ६ जुलै, १० ऑगस्ट आणि ७ सप्टेंबर २०२६ रोजी, सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत खरेदीदाराच्या भोसरी येथील गोदामात पोहोचवायचा आहे. टेम्पो, भाडे, टोल आणि ई-वे बिल विक्रेत्याकडे. उतराईची हमाली खरेदीदाराकडे.

१.२ टेम्पो बंद बॉडीचा असावा. उघड्या गाडीवर ताडपत्री टाकून पाठवलेली खेप खरेदीदार गेटवरूनच परत करू शकेल, मग त्या दिवशी पाऊस असो वा नसो.

१.३ पहिल्या दोन खेपांना तीन दिवसांची सवलत आहे. पालखी सोहळ्यामुळे किंवा घाट बंद झाल्यामुळे वाहतूक वळवली गेली आणि विक्रेत्याने तसे त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर कळवले, तर रस्ता खुला होईपर्यंतचा काळ उशिरात धरायचा नाही.

१.४ तिसरी खेप गणेशोत्सवाच्या मालासाठी आहे. तिच्या बाबतीत ठरलेली तारीख ही कराराची मूलभूत अट आहे. ८ सप्टेंबरच्या दुपारी ४ पर्यंत ती आली नाही, तर खरेदीदार ती न घेता बाजारातून तशाच प्रतीचा माल घेऊ शकेल आणि दरातला फरक विक्रेत्याने भरून द्यायचा. या खेपेला १.३ मधील कोणतीही सवलत लागू नाही. पावसाळ्यातला रस्ता दोघांनाही ठाऊक आहे. विक्रेत्याने एक दिवस आधी निघावे.

१.५ बॉक्स कमी आल्यास खरेदीदार आलेले बॉक्स ठेवून तेवढेच पैसे देईल किंवा सगळी खेप नाकारेल. दोन-चार बॉक्स कमी असल्याच्या कारणावरून मात्र सगळी खेप परत करायची नाही. पाचपेक्षा जास्त कमी असतील तरच तो हक्क. जास्तीचे बॉक्स विक्रेत्याने स्वखर्चाने परत न्यावेत.

२. जोखीम आणि मालकी

२.१ माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २६ प्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर जोखीम मालकीबरोबर जाते. येथे वेगळे ठरले आहे. मालकी कधीही गेली तरी, गाडीतून उतरवलेला बॉक्स गोदामाच्या ओट्यावर टेकेपर्यंत त्याची जोखीम विक्रेत्याची. वाटेतला अपघात, चोरी, भिजणे, उंदीर हे सगळे यात आले. वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला म्हणजे खरेदीदाराला पोहोचला, असे धरायचे नाही.

२.२ उतरवताना हमालाच्या हातून पडून फुटलेला बॉक्स खरेदीदाराचा.

२.३ गाडी वेळेत गेटवर आली आणि खरेदीदाराने चार तासांत उतराई सुरू केली नाही, तर पाचव्या तासापासून होणारे नुकसान आणि गाडीचा खोळंबा खरेदीदाराच्या माथी. गाडीच मुळात गळकी असेल, तर मात्र नाही.

२.४ खेप रीतसर नाकारली गेल्यावर, लेखी सूचना पोहोचल्या क्षणापासून जोखीम पुन्हा विक्रेत्याकडे जाते. तोवर आणि त्यानंतरही खरेदीदाराने तो माल स्वतःच्या मालाइतक्याच काळजीने, कोरड्या व थंड जागी ठेवायचा.

३. तपासणी

३.१ गेटवर फक्त बॉक्सची संख्या, वीस बॉक्सचे वजन आणि बाहेरून दिसणारी ओल किंवा फाटणे पाहायचे व चलनावर लिहायचे. चालकाची सही घ्यायची. तो सही देत नसेल तर चलनासकट फोटो पुरे.

३.२ चलनावरची खरेदीदाराची सही म्हणजे माल पसंत पडल्याची कबुली नव्हे. बिलाचे पैसे आगाऊ दिले असले तरी नव्हे.

३.३ माल कोल्ड स्टोरेजमधून येतो. बाहेरच्या दमट हवेत थंड बॉक्स लगेच उघडला तर दाण्यांवर पाणी सुटते आणि ओलाव्याचा आकडा फुगतो. म्हणून उतराईनंतर किमान बारा तास बॉक्स बंद ठेवूनच नमुना काढायचा. त्याआधी काढलेल्या नमुन्यावरून ओलाव्याची तक्रार चालणार नाही.

३.४ उतराईपासून ७२ तासांत कोणतेही दहा बॉक्स निवडून प्रत्येकाच्या वरून, मधून आणि तळातून दाणे घ्यावेत. तळ वगळू नये. वर चांगला माल रचण्याची सवय बाजारात आहे. सर्व एकत्र मिसळून अर्ध्या किलोच्या तीन सीलबंद पिशव्या कराव्यात : एक खरेदीदाराची, एक विक्रेत्याची, एक वादासाठी राखीव. विक्रेत्याचा माणूस हजर राहू शकतो. कळवूनही आला नाही तर त्याच्याशिवाय नमुना काढावा.

३.५ ७२ तासांत सूचना आली नाही तर खेप स्वीकारली असे समजायचे. आत शिरलेली कीड, खडे किंवा आतून आंबलेला माल असे वरवर न दिसणारे दोष याला अपवाद आहेत. त्यांची तक्रार उतराईपासून ३० दिवसांपर्यंत करता येईल, पण न वापरलेल्या बॉक्सपुरतीच.

४. दर्जा, दरकपात आणि माल नाकारणे

४.१ ओलावा १५ टक्क्यांपर्यंत असावा. १५ च्या वर १६.५ टक्क्यांपर्यंत माल घ्यायचा, पण वाढीव प्रत्येक एक टक्क्यामागे किमतीत दीड टक्का कपात, त्याच प्रमाणात.
उदाहरण : २०० बॉक्सच्या खेपेचा ओलावा १६ टक्के निघाला. खेपेची किंमत रु. ७,८०,०००, कपात रु. ११,७००.

४.२ खालीलपैकी काहीही आढळल्यास सगळी खेप नाकारता येईल : ओलावा १६.५ टक्क्यांहून अधिक. जिवंत कीड, बुरशी किंवा आंबट वास. काळे व डागी दाणे वजनाने ३ टक्क्यांहून अधिक. रंग वा आकारात मूळ नमुन्याशी उघड तफावत. एखाद-दुसरी काडी राहणे हे नाकारण्याचे कारण नाही.

४.३ दोष फक्त ओळखता येणाऱ्या काही बॉक्सपुरताच असेल, तर तेवढेच बॉक्स नाकारावेत.

४.४ सूचना ईमेलवर, दोष, बॉक्सची संख्या आणि फोटोसह द्यायची. 'माल बरोबर नाही' एवढेच लिहिलेली सूचना किंवा दलालाला फोनवर सांगितलेली तक्रार ही सूचना नव्हे.

४.५ विक्रेत्याला मान्य नसेल तर दोन कामकाजाच्या दिवसांत कळवावे. मग राखीव पिशवी पुण्यातील एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाईल. तिचा निकाल दोघांवर बंधनकारक राहील आणि ज्याचे म्हणणे खोटे ठरेल त्याने फी भरायची.

४.६ नाकारलेला माल परत पोहोचवण्याची जबाबदारी खरेदीदाराची नाही. विक्रेत्याने सात दिवसांत उचलावा. त्यानंतर बॉक्समागे रोज रु. ३ साठवणूक. वीस दिवसांनंतर, पाच दिवसांची नोटीस देऊन, खरेदीदार माल मिळेल त्या भावाने विकू शकेल आणि साठवणूक, विक्रीखर्च व या खेपेपोटी दिलेली रक्कम वजा करून बाकी विक्रेत्याला देईल. बुरशी लागलेला माल विकायचा नाही. पंचनामा करून विक्रेत्याच्या खर्चाने नष्ट करायचा.

४.७ विक्रेत्याला बदली माल देण्याची एक संधी, दहा दिवसांची. तिसऱ्या खेपेला ती नाही. बदली माल न दिल्यास किंवा तोही नापास झाल्यास १.४ मधील दरफरक लागू. दरकपात वा परतीची क्रेडिट नोट विक्रेत्याने सात दिवसांत द्यावी.

४.८ लागोपाठ दोन खेपा नाकारल्या गेल्या, तर खरेदीदार उरलेला करार रद्द करू शकेल. एकच खेप नाकारली गेल्यास बाकीच्या खेपा ठरल्याप्रमाणे चालू राहतील आणि त्यांचे पैसे अडवता येणार नाहीत.

४.९ मूळ करारनामा आणि हे परिशिष्ट यांत तफावत असेल तिथे परिशिष्ट ग्राह्य.